टॉवेलच्या फोटोला नेटवर्क '९९% खात्री' म्हणतं आणि चुकतं. टेंपरेचर स्केलिंग करूनही फरक पडेना

मागावरचा_मन्या · सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, डोकं चालेना झालंय म्हणून इथे टाकतोय.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. मागावरून उतरलेला तागा तपासणीच्या मशीनवरून सरकतो, तिथे वर कॅमेरा लावलाय. दर दोन सेकंदाला एक फोटो निघतो आणि नेटवर्क तीनपैकी एक निकाल देतं: चांगला, डाग किंवा वीण (सुटलेला बाणा, तुटलेला ताणा हे सगळं 'वीण'मध्येच धरलंय). मी नियम असा केला की नेटवर्कची खात्री ०.९० च्या वर असेल तर निकाल मान्य करायचा, नाहीतर फोटो चेकरच्या टेबलावर पाठवायचा.

गेल्या पंधरवड्यातले ४० नवे तागे घेतले, प्रत्येकाचे ५० फोटो. असे २,००० फोटो दोन चेकरकडून हाताने तपासून घेतले. मग खात्रीप्रमाणे कप्पे पाडून मोजलं:

| खात्रीचा कप्पा | फोटो | सरासरी खात्री | खरोखर बरोबर |
|---|---|---|---|
| ०.५ पर्यंत | ४० | ०.४५ | १६ (०.४०) |
| ०.५–०.६ | ६० | ०.५५ | २७ (०.४५) |
| ०.६–०.७ | ६० | ०.६५ | ३० (०.५०) |
| ०.७–०.८ | ८० | ०.७५ | ४४ (०.५५) |
| ०.८–०.९ | १६० | ०.८६ | १०४ (०.६५) |
| ०.९–१.० | १,६०० | ०.९८५ | १,४५६ (०.९१) |

शेवटची ओळ बघा. नेटवर्कच्या म्हणण्याप्रमाणे त्या १,६०० मध्ये फार तर २४ चुका हव्या होत्या. निघाल्या १४४. मामा म्हणाले, "तुझं मशीन दलालासारखं बोलतंय, सगळंच एक नंबर."

वाचलं होतं की यावर टेंपरेचर स्केलिंग करतात. केलं. टेंपरेचर, म्हणजे टी, आला १.०८. लावून परत टेबलाचा आलेख काढला, आडवी खात्री आणि उभी खरी अचूकता, तर होता तसाच. माझं काय चुकतंय?

---

शेंगाचटणी · सोमवार, रात्री ११:०२

काय बे मन्या, एवढं कशाला डोकं खाजवालायस. ०.९० चं ०.९९ कर की. टेंपरेचरने भागलं काय, गुणलं काय, सगळे आकडे एकदमच खाली येणार. पहिला नंबरवाला पहिलाच राहतो, शेवटचा शेवटचाच. मग त्या स्केलिंगचा उपयोग काय? रेषा कुठे मारायची तेवढंच ठरव आणि झोप.

---

अंबादास_काका · मंगळवार, सकाळी ६:१५

मी ३१ वर्षं फोल्डिंग खात्यात काढली, म्हणून लिहितो. टेंपरेचरचं म्हणाल तर आपल्या सोलापुरात एप्रिलमध्ये शेडच्या पत्र्याखाली माणूस उभा राहत नाही, तिथं कॅमेऱ्याचं काय. आमच्याकडे पूर्वी एक मशीन असंच दुपारी १ नंतर काहीबाही दाखवायचं. आधी पंखा लावून बघा, मग पुढचं.

---

मागावरचा_मन्या · मंगळवार, सकाळी ८:३०

काका, हे टेंपरेचर शेडमधलं नाही हो. नेटवर्कच्या शेवटच्या आकड्यांना ज्याने भागायचं त्या एका संख्येला तसं नाव पडलंय. पण पंखा लावतो, कॅमेरा खरंच तापतोय.

---

रेवती_ताणाबाणा · मंगळवार, दुपारी १:२०

मन्या, एकच प्रश्न. १.०८ हा टी कोणत्या फोटोंवरून काढलास? टेबलातल्या २,००० वरून की दुसऱ्या?

(मी मूळची साखर पेठेतली. आता पुण्यात एक्स-रेच्या फोटोंवर हेच काम करते. तुझ्यासारखं टेबल फार कमी लोक आधी काढतात. कप्प्यात किती फोटो आहेत हा रकाना तू दिलास, त्यामुळे बोलता तरी येतंय.)

---

मागावरचा_मन्या · मंगळवार, दुपारी १:४४

दुसऱ्या, ताई. शिकवायला जानेवारीतले १८,००० फोटो होते. त्यातले १०% चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलून बाजूला ठेवले होते. नेटवर्कने ते शिकताना पाहिलेले नाहीत. टी त्यांच्यावरच काढला.

---

रेवती_ताणाबाणा · मंगळवार, दुपारी २:१०

सापडलं.

तुझा कॅमेरा दर दोन सेकंदाला फोटो काढतो. एकाच ताग्याचे लागोपाठचे दोन फोटो म्हणजे जवळपास जुळी भावंडं. रंग तोच, लूपची उंची तीच, उजेड तोच, कधीकधी डागही तोच, फक्त थोडा सरकलेला. चिठ्ठ्या टाकून १०% उचललेस तेव्हा एक भाऊ शिकवणीत गेला आणि दुसरा परीक्षेला बसला. नेटवर्कने तो फोटो पाहिलेला नाही हे कागदावर खरं, पण त्याचा भाऊ त्याने पाठ केलाय. त्या १,८०० फोटोंवर अचूकता किती येते ते बघ. ९७-९८% येत असणार.

अशा फोटोंवर नेटवर्कची फाजील खात्री फाजील वाटतच नाही, कारण तिथे ते खरोखरच बरोबर येतं. मग टी कशाला वाढेल? १ च्या आसपास बसतो आणि तू म्हणतोस फरक पडला नाही.

वाटणी फोटोंची करू नकोस, ताग्यांची कर. टेबलातले ४० तागे तुझ्याकडे आहेतच. २० ताग्यांवर टी काढ, उरलेल्या २० वर आलेख बघ. ज्या फोटोंवर टी काढलास त्यांच्यावरच आलेख काढून खूश होऊ नकोस.

---

मागावरचा_मन्या · मंगळवार, दुपारी २:१६

९८.१%. 🤦

नव्या ताग्यांवर ८४. हे मला आधीच खटकायला हवं होतं.

---

निवृत्त_आकडेमोड · मंगळवार, संध्याकाळी ५:५०

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, न्यूरल नेटवर्क मला कळत नाही. पण हा आलेख ओळखीचा आहे. हवामानवाले तो कितीतरी आधीपासून काढतात. ज्या ज्या दिवशी "पावसाची शक्यता ७०%" म्हटलं ते दिवस एकत्र करायचे आणि त्यातल्या किती दिवशी खरंच पाऊस पडला ते मोजायचं. १०० पैकी ७० दिवशी पडला तर अंदाज सांगणारा प्रामाणिक. ९५ दिवशी पडला तर तो भित्रा, ४० दिवशी पडला तर बढाईखोर. अंदाजांना गुण देण्याची ब्रायर यांची पद्धत १९५० ची आहे.

मन्याच्या टेबलाबद्दल दोन गोष्टी.

पहिली. बहुतेक जण आलेख डावीकडून वाचायला घेतात आणि ज्या खांबाची कर्णापासूनची, म्हणजे खात्री आणि अचूकता सारखी असते त्या तिरक्या रेषेपासूनची, फट सर्वात मोठी दिसते त्याच्याबद्दल चिंता करतात. इथे तो ०.८–०.९ चा कप्पा, फट २१ टक्के. पण त्यात फोटो १६०, म्हणजे एकूणाच्या ८%. ०.२१ गुणिले ०.०८ केलं की जेमतेम १.७ टक्के येतात. वरच्या कप्प्याची फट साडेसातच टक्के, डोळ्याला किरकोळ वाटते. पण तिथे ८०% फोटो बसलेत, म्हणून त्याचे ६ होतात. सगळ्या कप्प्यांची अशी बेरीज ९.३ येते. त्यातले ६ एकट्या शेवटच्या खांबाचे. आलेखाखाली फोटोंच्या संख्येचे खांब काढले नाहीत तर हे दिसतच नाही.

दुसरी. पहिल्या कप्प्यात ४० फोटो, बरोबर १६. नाणेफेकीच्या नियमाने एवढ्या लहान ढिगात १५ टक्के इकडे-तिकडे सहज होतात. खरा आकडा २५ ही असेल, ५५ ही असेल. त्या खांबाबद्दल मी काहीच बोलणार नाही.

---

किरण_विजापूरवेस · मंगळवार, रात्री ९:३०

माझी अडचण पण थोडी अशीच आहे म्हणून इथेच विचारतो. मार्केट यार्डात कांद्याची प्रतवारी करणारं नेटवर्क केलंय. गोल्टी, मध्यम, मोठा असे तीन वर्ग. अचूकता ९३%. पण आलेख काढला तर सगळे खांब डावीकडे. एकाही कांद्याची खात्री ०.५८ च्या वर जात नाही! म्हणजे माझं नेटवर्क मन्याच्या उलट, लाजाळू आहे. टेंपरेचर काढलं तर १ च्या खूप खाली येतंय. वापरू का?

---

रेवती_ताणाबाणा · मंगळवार, रात्री ९:५२

किरण, थांब, वापरू नकोस. ०.५८ हा आकडा बोलका आहे. तुझ्याकडे सॉफ्टमॅक्स दोनदा लागतोय.

नेटवर्कच्या शेवटच्या थरात आधीच सॉफ्टमॅक्स आहे, म्हणजे बाहेर येणारे आकडे ० ते १ मधले. आलेख काढताना तू त्यांनाच परत सॉफ्टमॅक्स लावलास. नेटवर्कची खात्री अगदी शंभर टक्के असली तरी दुसऱ्या सॉफ्टमॅक्समध्ये जातात १, ०, ०. बाहेर येतं e/(e+2), म्हणजे ०.५७६. तीन वर्गांत याच्या वर जाताच येत नाही. तुझं नेटवर्क लाजाळू नाही, त्याच्या तोंडावर दोन मास्क आहेत.

आणि टेंपरेचरला सॉफ्टमॅक्सच्या आधीचे आकडे लागतात, लॉजिट. शेवटचा सॉफ्टमॅक्स काढून टाक किंवा त्याच्या आतले आकडे बाहेर घे.

---

किरण_विजापूरवेस · मंगळवार, रात्री ११:१०

ताई, बरोबर! थर काढला. आता खांब उजवीकडे गेले आणि मीही बढाईखोरांत आलो.

---

मागावरचा_मन्या · बुधवार, रात्री १०:०५

२० ताग्यांवर परत काढलं. टी = १.८.

कोड एवढाच. लॉजिट आधीच साठवून ठेवलेत, नेटवर्कला हात लावायचा नाही:

```python
log_T = torch.zeros(1, requires_grad=True)
opt = torch.optim.LBFGS([log_T], lr=0.1, max_iter=100)

def closure():
    opt.zero_grad()
    loss = F.cross_entropy(logits / log_T.exp(), labels)
    loss.backward()
    return loss

opt.step(closure)
print(log_T.exp().item())
```

टी ऐवजी त्याचा लॉग शिकवला, म्हणजे टी ऋण व्हायची भीती नाही.

मग एक फोटो हाताने करून बघितला. लॉजिट: चांगला ८.२, डाग ४.६, वीण १.०. तसेच ठेवले तर 'चांगला' ०.९७. सगळ्यांना १.८ ने भागलं की अंतरं ३.६ आणि ७.२ ची २ आणि ४ होतात, आणि 'चांगला' ०.८७ वर येतो. निकाल तोच, आवाज खाली. तो फोटो चेकरने 'डाग' सांगितला होता, म्हणजे निकाल चुकलेलाच होता. निदान आता तो टेबलावर गेला असता.

उरलेल्या २० ताग्यांचा, म्हणजे १,००० फोटोंचा आलेख कर्णाला जवळपास चिकटलाय. सरांची ती बेरीज ९ च्या वर होती, आता २ च्या आत आली. अचूकता मात्र ८४ ची ८४ च, एक टक्काही हलली नाही. हे बरोबर ना?

---

रेवती_ताणाबाणा · बुधवार, रात्री १०:३०

बरोबरच. तिन्ही आकड्यांना एकाच धन संख्येने भागलंस, मोठा तो मोठाच राहणार. टी लावल्यावर अचूकता बदलली तर कोडमध्ये चूक आहे असं समजायचं. फुकटात मिळणारी तपासणी आहे ती.

आता शेंगाचटणी यांचं. त्यांचं अर्धं खरं आहे. वर्ग दोनच असते, डाग आहे किंवा नाही, तर कोणताही टी लावला तरी फोटोंचा क्रम तसाच राहिला असता. नुसती रेषाच मारायची असती तर टी ची गरज नव्हती. तीन वर्गांत तसं नाही. दोन फोटो घे. पहिल्यात जिंकणाऱ्यापासून बाकीच्या दोघांचं अंतर २ आणि ६, दुसऱ्यात २.८ आणि २.८. टी नसताना खात्री ०.८८ आणि ०.८९, दुसरा पुढे. टी २ ठेवला तर ०.७१ आणि ०.६७, पहिला पुढे! पहिल्याला प्रतिस्पर्धी एकच होता, दुसऱ्याला दोन, आणि टी वाढला की दोन प्रतिस्पर्धी जास्त जड पडतात.

पण क्रमापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. मामा संध्याकाळी विचारतात, "आज किती चुकीचे सुटले असतील?" त्या दिवशीचे फोटो कुणी हाताने तपासलेले नसतात. खात्रीवर भरवसा असेल तर सुटलेल्या प्रत्येक फोटोचं (१ वजा खात्री) करून बेरीज मारायची, उत्तर तयार. ०.९९ ला रेषा मारून हे उत्तर मिळत नाही.

---

शेंगाचटणी · बुधवार, रात्री १०:४१

दोन प्रतिस्पर्ध्यांचं मानलं ताई. हे डोक्यातच नव्हतं. पण मामांना बेरीज नको असते बे, त्यांना माल हवा असतो.

---

मागावरचा_मन्या · गुरुवार, सकाळी ११:२०

शेंगाचटणी बरोबर निघाला, मामा तापलेत.

ती बेरीज केली. रेषा ०.९५ ला मारली. बघायच्या १,००० फोटोंपैकी ४५० वर गेले, सरासरी खात्री ०.९७, म्हणजे चुका अंदाजे १३-१४. प्रत्यक्ष १६. मला तर आनंद झाला.

मामांचं गणित वेगळं. "आधी हजारात आठशे आपोआप सुटायचे, आता साडेचारशेच. चेकरचं काम वाढवलंस आणि म्हणतोस सुधारणा केली?" मी म्हटलं, आधीच्या आठशेत सत्तरेक चुका होत्या. ते म्हणाले, "तेव्हा मला माहीत नव्हत्या ना!"

---

निवृत्त_आकडेमोड · गुरुवार, दुपारी १२:०५

१३.५ च्या जागी १६ यात तक्रार करण्यासारखं काही नाही, तीन-चारचा फरक नशिबाचा असतो.

मामांचा मुद्दा मात्र टोलवू नका. त्यांना वाटतंय टी ने नेटवर्क बिघडलं. त्यांना सांगा की नेटवर्क तेवढंच हुशार होतं, बोलत जास्त होतं. जास्त माल आपोआप सोडायचा असेल तर अचूकता वाढवावी लागेल. ते टी चं काम नाही.

माझी एक तक्रार 'बेरीज २ च्या आत आली' यावर आहे. हा आकडा कप्पे कसे पाडले त्यावर हलतो. सहाऐवजी पंधरा पाडा, वेगळा येईल. तुमच्या ८०% फोटोंचा एकच कप्पा होता, त्याच्या आत ०.९१ वाले आणि ०.९९९ वाले एकमेकांची चूक झाकत असतील. मी तर प्रत्येक कप्प्यात सारखे फोटो येतील असे कप्पे पाडीन.

---

रेवती_ताणाबाणा · गुरुवार, दुपारी १२:४०

सर, सारख्या संख्येच्या कप्प्यांबद्दल पूर्ण सहमत. पण ती बेरीज सोडून द्यायला मी तयार नाही. ज्या पेपरमुळे टेंपरेचर स्केलिंग सगळीकडे पसरलं (गुओ, प्लाइस, सन आणि वाइनबर्गर, २०१७), त्यातही रुंदीने सारखे १५ कप्पेच आहेत. एकाच कप्प्यांनी आधी आणि नंतर मोजलं तर तुलना चालते. सोबत क्रॉस एंट्रॉपीही बघते, म्हणजे खऱ्या उत्तराला कमी खात्री दिल्याचा दंड, तिला कप्पेच लागत नाहीत.

त्या पेपरची सुरुवातीची आकृती मन्याच्या मामांना दाखवण्यासारखी आहे. जुनं छोटं लेनेट १०० वर्गांच्या फोटोंवर ४४.९% चुकतं, नवं रेझनेट-११० फक्त ३०.६% चुकतं. पण आलेख जुन्याचा कर्णाजवळ, नव्याचा पार खाली. जुनं जास्त चुकायचं आणि तसं कबूलही करायचं. कारण असं की फोटो बरोबर यायला लागल्यावरही शिकवणी थांबत नाही. लॉस, म्हणजे तोच दंड, आणखी कमी करायला एकच वाट उरते, लॉजिट फुगवणं. मोठ्या नेटवर्कमध्ये फुगायला जागा भरपूर असते.

---

निवृत्त_आकडेमोड · गुरुवार, दुपारी १:१५

तुलनेला चालते, मान्य. पण लोक तुलना करत नाहीत, आकडा मिरवतात. इथे आपलं जमणार नाही, सोडून देऊ.

---

अंबादास_काका · गुरुवार, संध्याकाळी ७:०५

त्या दिवशी मी भलतंच समजलो, माफ करा. पण नातवाने आज सगळा धागा वाचून दाखवला, आता एक विचारतो. तुमचे दोन चेकर 'डाग' कशाला म्हणतात?

ताण्याला खळ असते. ती कुठे जाडसर बसली की टॉवेलवर पिवळट पट्टा दिसतो. धुलाईत तो निघून जातो, म्हणून जुना चेकर त्याला चांगलाच म्हणेल. नवा पोरगा डाग म्हणेल. तेलाचा डाग कडेला काळपट असतो आणि हाताला लागतो, फोटोत हात लावता येत नाही. तुमचं मशीन चुकलं म्हणता, पण चूक ठरवली कुणी?

---

मागावरचा_मन्या · शुक्रवार, सकाळी ९:५०

काका, तुमच्या पोस्टनंतर रात्रभर झोप नाही. वरच्या कप्प्यातल्या १४४ चुकांचे फोटो परत काढून जुन्या चेकरकडे दिले. ३८ फोटोंवर ते म्हणाले, "ही खळ आहे, मशीन बरोबर." म्हणजे खऱ्या चुका १०६. अजूनही २४ पेक्षा खूप जास्त, पण टी सुद्धा त्याच चुकीच्या उत्तरांवर बसवलाय. तो थोडा जास्तच आला असणार.

---

रेवती_ताणाबाणा · शुक्रवार, सकाळी १०:३०

हो, पण फक्त 'चुका'च परत तपासल्यास तर पारडं नेटवर्कच्या बाजूने झुकतं. जिथे नेटवर्क आणि नवा चेकर दोघंही मिळून चुकले ते फोटो तुला दिसलेच नाहीत. बरोबर ठरलेल्यांतलेही शे-दोनशे चिठ्ठ्या टाकून जुन्या चेकरला दाखव, मगच टी परत काढ.

---

निवृत्त_आकडेमोड · शुक्रवार, दुपारी ४:२०

आणखी एक शंका. नव्या ताग्यांवर अचूकता ८४%. कारखान्यात बहुतांश कापड चांगलंच असणार, मग नुसतं डोळे मिटून 'चांगला' म्हटलं तरी याहून जास्त यायला हवी. हे ४० तागे निवडले कसे?

---

मागावरचा_मन्या · शुक्रवार, दुपारी ४:४८

धरलंत सर. दोष पुरेसे मिळावेत म्हणून मुद्दाम खराब तागे घेतले, आणि त्यातलेही दोषाचे फोटो जास्त निवडले. २,००० मध्ये साधारण ५०% चांगले, २५% डाग, २५% वीण. लाइनवर ९६% चांगले असतात, डाग आणि वीण प्रत्येकी २% धरा.

---

निवृत्त_आकडेमोड · शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

मग तुमचा तो कर्णाला चिकटलेला आलेख त्या निवडलेल्या ढिगापुरता खरा. लाइनवरची गोष्ट वेगळी.

असा फोटो घ्या ज्याला टी लावूनही 'डाग' ०.८० आणि 'चांगला' ०.२० येतो. वीण शून्य धरू. तुमच्या ढिगात चांगले ५०%, लाइनवर ९६, म्हणजे १.९२ पट. डाग २५ चे २, म्हणजे ०.०८ पट. गुणा: डाग ०.०६४, चांगला ०.३८४. परत बेरीज १ होईल असं केलं की डाग ०.१४. ऐंशी टक्के होते, चौदा झाले, आणि निकालच उलटला.

हे गुणोत्तर टी नंतर लावायचं. आणि लाइनवरचे डाग तुमच्या ढिगातल्या डागांसारखेच दिसतात, फक्त कमी असतात, हे खरं असेल तरच ते चालतं. मुद्दाम निवडलेले डाग जास्त ठळक असतील तर हे गणितही कोलमडतं.

---

रेवती_ताणाबाणा · शुक्रवार, संध्याकाळी ७:००

सर, हे मीच आधी विचारायला हवं होतं. माझ्याकडच्या एक्स-रेमध्ये हाच घोळ होतो.

मन्या, गुणोत्तर तात्पुरतं लाव. पण आठवडाभर लाइनवरचे फोटो न निवडता घे, ठराविक वेळाने एक, दिसेल तो. दोष कमी मिळतील, म्हणून 'डाग'चा खांब लडबडेल. तरी तोच आलेख खरा.

---

अंबादास_काका · शुक्रवार, रात्री ८:१०

रात्रपाळीचे फोटो वेगळे ठेवा. ट्यूबलाइटखाली खळीचा पट्टा तेलासारखाच दिसतो. आमच्या वेळी रात्री अशा ताग्याला खडूने खूण करून सकाळच्या उजेडात परत बघायचो.

---

मागावरचा_मन्या · शुक्रवार, रात्री १०:२५

काका, एक टी दोन्ही पाळ्यांना चालेल असं मी गृहीत धरलं होतं. रात्रीचे १२ तागे आजपासून बाजूला काढतोय. टी दिवसाचाच लावून रात्रीचा आलेख आधी बघतो. तो खाली लोंबला तर रात्रीला वेगळा टी काढायचा की आधी ट्यूबच बदलायची, हे तेव्हा विचारीन.

---

सतरंजी_डॉट_सोलापूर · शनिवार, सकाळी ७:४०

पूर्ण वाचलं नाही, पण आमचं चादरीचं युनिट आहे. टी = १.८ चादरीला पण चालेल का?

---

शेंगाचटणी · शनिवार, सकाळी ७:५२

नाही बे. पूर्ण वाच.